हप्ता, भाडं आणि मधला फरक

नंदा आणि शुभदा यांचा हा संवाद कल्पित आहे. त्यातली आकडेमोड मात्र आज पुण्यात घर शोधणाऱ्या कुणालाही स्वतःच्या आकड्यांनिशी करून पाहता येईल अशी आहे. नंदा आणि तिचा नवरा दोघंही नोकरी करतात. सिंहगड रस्त्याला धायरीत टू बीएचके फ्लॅटमध्ये ते 22 हजार रुपये भाड्यानं राहतात आणि मुलगी तिसरीत आहे. त्याच इमारतीतला तसाच एक फ्लॅट 80 लाखांना विक्रीला निघाला आहे. शुभदानं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि ती स्वतः समजून-उमजून भाड्याच्या घरात राहते. तिच्याकडून होकार मिळवायचा म्हणून नंदा आली होती.

नंदा : साधा हिशोब आहे गं. बँक 80 टक्के कर्ज देतेय, म्हणजे 64 लाख. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. हप्ता साडेपंचावन्न हजार बसतो. आत्ता 22 हजार भाडं जातंच आहे. वर तेहतीस-साडेतेहतीस हजार घातले की घर आपलं. भाड्याचा पैसा काय, गेला तो गेलाच.

शुभदा : भाडं गेलं ते गेलं, मान्य. पण हप्त्यातलं किती जातं ते विचारलंस का? हप्त्यात दोन वेगळे पैसे असतात. मुद्दल घराच्या रूपानं तुझ्याकडेच राहतं, व्याज बँकेकडे जातं आणि परत येत नाही. म्हणून हप्ता आणि भाडं शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही. घर घेतलं तर न परतणारा पैसा किती आणि भाड्यानं राहिलं तर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे.

नंदा : बरं, ठेव. व्याज किती जातं?

शुभदा : पहिल्या वर्षी तू हप्त्यांपोटी 6 लाख 66 हजार भरशील. त्यातलं 5 लाख 39 हजार व्याज. मुद्दल फिटतं जेमतेम सव्वा लाख.

नंदा : इतकंच?

शुभदा : इतकंच. आणि हे पहिल्याच वर्षाचं नाही. 10 वर्षं न चुकता हप्ते भरलेस, निम्मी मुदत संपली, तरी 64 लाखांतले जवळपास 45 लाख बाकी असतात. व्याज शिल्लक रकमेवर लागतं आणि सुरुवातीला शिल्लक मोठी असते, म्हणून हप्त्याचा मोठा वाटा व्याजात जातो. मुद्दल झपाट्यानं फिटतं ते शेवटच्या काही वर्षांत. यात बँकेची चलाखी नाही, गणितच तसं आहे. फक्त ते आधी माहीत हवं.

नंदा : म्हणजे व्याज 5 लाख 39 हजार आणि भाडं 2 लाख 64 हजार. ही झाली तुलना?

शुभदा : अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, घरमालक म्हणून येणारे खर्च. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकत कर, गळती, रंग, प्लंबिंग. आत्ता यातलं बरंचसं तुझा घरमालक भरतो. वर्षाला 71 हजार धरू. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. तुझ्या खिशातून एकरकमी किती जाणार?

नंदा : 16 लाख. वीस टक्के.

शुभदा : आणि मुद्रांक शुल्क? पुणे महापालिका हद्दीत ते 7 टक्के आहे. 80 लाखांवर 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. बँक कर्जाची रक्कम ठरवताना हे घराच्या किमतीत धरत नाही, म्हणून हे सगळं रोख लागतं. झाले सुमारे 22 लाख. ब्रोकर, वकील, फर्निचर यात नाही.

नंदा : फ्लॅट एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत आहे ना?

शुभदा : आहे. केवळ स्त्रीच्या नावावर घेतलंस तर 80 हजार वाचतील. नवऱ्याचं नाव खरेदीखतात आलं की सवलत गेली. शिवाय हा फ्लॅट जुना, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला, म्हणून जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 80 लाखांच्या फ्लॅटवर आणखी 5 टक्के लागला असता. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज, दोन्ही एकाच वेळी.

नंदा : ठीक. मग 22 लाखांचं काय म्हणत होतीस?

शुभदा : ते पैसे आज तुमच्या ठेवींमध्ये आहेत. 7 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 54 हजार व्याज देतात. घर घेतलं की ते व्याज थांबलं. कुणाला चेक लिहून दिला नाहीस म्हणून खर्च दिसत नाही, पण तो खर्चच आहे. आता बेरीज कर. व्याज 5 लाख 39 हजार, घराचा वरखर्च 71 हजार, बुडालेलं व्याज 1 लाख 54 हजार.

नंदा : 7 लाख 64 हजार.

शुभदा : आणि भाडं 2 लाख 64 हजार. म्हणजे त्याच इमारतीत, तेवढ्याच खोल्यांत मालकीण म्हणून राहायला पहिल्या वर्षी तुला 5 लाख जास्त मोजावे लागतात.

नंदा : पण तू घराची किंमत वाढते हे धरलंच नाहीस!

शुभदा : तेच आता धरू. 80 लाखांवर 5 लाख म्हणजे सव्वासहा टक्के. घराचा भाव त्या वर्षी सव्वासहा टक्क्यांनी वाढला तर तू आणि भाडेकरू बरोबरीत. जास्त वाढला तर तू पुढे, कमी वाढला तर तो. पुढच्या वर्षांत भाडं वाढत जाईल आणि व्याज हळूहळू कमी होईल, त्यामुळे तुझी बाजू थोडी थोडी सुधारेल. पण खरा प्रश्न समोर आला का? हप्ता परवडतो का, एवढ्यानं भागत नाही. या इमारतीतल्या फ्लॅटचा भाव वर्षानुवर्षं साधारण सहा टक्क्यांनी वाढेल, असं तुला खरंच वाटतं का, हा तो प्रश्न.

नंदा : वाढेलच की. पुण्यात भाव कधी उतरलेत? माझ्या काकांनी 2003 साली घेतलेलं घर आज कितीला जातंय बघ.

शुभदा : काकांनी तेजी सुरू होताना घेतलं. ज्यांनी 2014 च्या आसपास घेतलं त्यांना विचार. पुण्या-मुंबईच्या कितीतरी भागांत पुढची पाच-सहा वर्षं भाव जवळजवळ जागच्या जागी होते. कोविडनंतर पुन्हा वाढले. घराचा भाव असा टप्प्याटप्प्यानं चढतो, मध्ये बराच काळ बसून राहतो. आणि इमारत जुनी होत जाते. वाढतो तो जमिनीचा भाव. भिंती आणि लिफ्ट दर वर्षी झिजतातच.

नंदा : मग किती वर्षं राहिलं तर परवडतं?

शुभदा : आधी वाईट बाजू बघू. समजा चार वर्षांनी तुझ्या नवऱ्याची हैदराबादला बदली झाली आणि फ्लॅट विकावा लागला. भाव वर्षाला 5 टक्क्यांनी वाढला असं धरू. 97 लाख येतील. कर्ज अजून 58 लाख बाकी असेल. हातात 39 लाख, त्यातून ब्रोकर वजा. आता तुझ्यासारखाच एक भाडेकरू बघ. त्यानं 22 लाख गुंतवले आणि दर महिन्याला तुझा खर्च आणि त्याचं भाडं यांतला फरकही गुंतवला. त्याला 8 टक्के परतावा मिळाला आणि त्याचं भाडं दर वर्षी 6 टक्क्यांनी वाढलं, असं धरलं तरी चार वर्षांनी त्याच्याकडे 51 लाख असतील.

नंदा : बारा लाखांचा फरक!

शुभदा : कारण मुद्रांक शुल्काचे 5 लाख 60 हजार पहिल्याच दिवशी गेले आणि चार वर्षांत मुद्दल फिटलं सहा लाखांच्या आत. थोड्या वर्षांसाठी घर घेणं म्हणूनच महाग पडतं. जितकी जास्त वर्षं राहशील तितका तो पहिल्या दिवसाचा खर्च पातळ होत जातो.

नंदा : आम्ही बदलीच्या नोकरीत नाही. मुलीची शाळा इथेच आहे. दहा वर्षं तरी हलणार नाही. दहा वर्षांचं सांग.

शुभदा : दहा वर्षांनी, भाव 5 टक्क्यांनी वाढला तर फ्लॅट 1 कोटी 30 लाखांचा. 45 लाख कर्ज वजा जाता तुझे साधारण 85 लाख. भाव 7 टक्क्यांनी वाढला तर तुझे 1 कोटी 12 लाखांच्या आसपास. आणि फरक गुंतवणाऱ्या भाडेकरूकडे 1 कोटी 11 लाख. दोघांचाही कर यात धरलेला नाही.

नंदा : म्हणजे सात टक्के वाढ झाली तरी कशीबशी बरोबरी. पाच टक्क्यांना मी पंचवीस लाखांनी मागे. शुभदा, एक विचारू? तुझा हा भाडेकरू दर महिन्याला किती गुंतवतो?

शुभदा : पहिल्या वर्षी महिना साधारण 39 हजार. तुझा हप्ता आणि घराचा वरखर्च मिळून साडेएकसष्ट हजार, त्यातून 22 हजार भाडं वजा. पुढे भाडं वाढत जातं तसा फरक कमी होतो.

नंदा : आणि तू स्वतः भाड्यानं राहतेस. तुझा फरक महिन्याच्या महिन्याला एसआयपीत जातो?

शुभदा : (हसून) सुरुवातीला निम्माच जायचा. बाकीचा कुठे गेला ते विचारू नकोस.

नंदा : मग निम्म्याचा हिशोब कर.

शुभदा : निम्माच फरक गुंतवला तर दहा वर्षांनी भाडेकरूकडे 79 लाख. म्हणजे 5 टक्के वाढीलाही तू पुढे. आणि 22 लाख तेवढे ठेवून महिन्याचा फरक पूर्ण खर्च केला तर 47 लाख. मग तुझ्या जवळपासही तो येत नाही.

नंदा : बघ! आमच्या ओळखीत वीस वर्षं नेमानं गुंतवणूक करणारे मोजकेच असतील. हप्ता मात्र सगळे भरतात, कारण न भरून चालत नाही. पगार झाला की पाच तारखेला खात्यातून जातो. मुलीचा वाढदिवस, दिवाळी, गावच्या घराची डागडुजी, काही असलं तरी जातो. तुझ्या कागदावरचा भाडेकरू इतका शिस्तीचा आहे की तो माणसांत सापडणं कठीण.

शुभदा : हा मुद्दा तुझा, आणि तो या सगळ्या हिशोबातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. भाड्यानं राहून फायदा होतो असं जे कुणी सांगतं, त्यातला फायदा भाड्याच्या घरातून येत नाही. तो त्या फरकाच्या गुंतवणुकीतून येतो. फरक गुंतवला नाही तर भाड्याचं घर केवळ स्वस्त घर असतं. आणि हप्ता ही महाग असली तरी सक्तीची बचत असते.

नंदा : शिवाय कर वाचतो. गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांची वजावट.

शुभदा : कुठल्या करप्रणालीत आहात?

नंदा : नव्या. ऑफिसनं गेल्या वर्षीच बदलली.

शुभदा : मग तो आकडा खोड. स्वतः राहण्याच्या घरावरच्या व्याजाची वजावट जुन्या प्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. मुद्दलाचंही तेच आणि भाडेकरूच्या घरभाडे भत्त्याचंही तेच. बिल्डरचा सेल्समन अजून जुन्या प्रणालीवर हप्ता स्वस्त करून दाखवतो. आणि साडेआठ टक्के व्याज 20 वर्षं तसंच राहील असंही धरू नकोस. कर्ज रेपो दराशी जोडलेलं असतं. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. तेव्हा बऱ्याच जणांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप काही वर्षांनी वाढली. आता व्याज बदललं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारणं बँकांवर बंधनकारक आहे. विचारलं की हप्ता वाढवून घे. आणि बोनस मिळाला की मुद्दलात भर. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड लागत नाही.

नंदा : तुझं सगळं पटतं. पण एक गोष्ट तुझ्या कागदावर येत नाही. आमचा करार अकरा महिन्यांचा. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पोटात गोळा येतो. मालकाचा मुलगा परत आला, त्याला घर विकायचं झालं, की आम्ही निघायचं. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, डिपॉझिट परत मिळवण्याची कटकट. भिंतीत खिळा मारायचा तर विचारायचं.

शुभदा : येतं, तेही कागदावर येतं. लिव्ह अँड लायसन्स करार अकराच महिन्यांचा असला पाहिजे असं काही नाही. तीन वर्षांचा, अगदी पाच वर्षांपर्यंतचाही करता येतो. महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतोच. किती महिने आधी नोटीस द्यायची आणि भाडं दर वर्षी किती वाढायचं हे त्यात लिहून घे. निम्मी धास्ती कमी होईल.

नंदा : आणि निम्मी उरेल. साठीनंतर तर जास्तच. तुझ्याच सहा टक्क्यांनी 22 हजारांचं भाडं वीस वर्षांनी किती होतं?

शुभदा : सत्तर हजारांच्या वर.

नंदा : तेव्हा पगार नसेल.

शुभदा : खरं आहे. म्हणून आयुष्यभर भाड्यानं राहा असं मी कुणाला सांगत नाही. निवृत्तीच्या वेळी एक तर फिटलेलं घर हवं, नाही तर ते भाडं पेलेल एवढी पुंजी हवी. पण त्याचा अर्थ घर आजच घ्यायचं, याच भागात घ्यायचं, इतकं मोठंच घ्यायचं, असा होत नाही. कुठलं घर घ्यायचं याची एक झटपट चाचणी सांगते. किमतीला वर्षाच्या भाड्यानं भाग. 80 लाख भागिले 2 लाख 64 हजार, म्हणजे घर तीस पट महाग. आपण काढलेला सव्वासहा टक्के हा आकडा या तीस पटीतूनच आला. हेच घर वीस पट असतं, म्हणजे 80 लाखांच्या घराचं भाडं वर्षाला 4 लाख असतं, तर साडेचार टक्के वाढ झाली तरी तू बरोबरीत आली असतीस. पट जितकी कमी, तितकं घेणं सोपं. एकाच शहरात हा आकडा भागाभागाला बदलतो. जुन्या इमारतींत, छोट्या फ्लॅटमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो. नव्या टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर जास्त.

नंदा : म्हणजे घर घ्यायचं की नाही यापेक्षा कोणतं घर, हा प्रश्न मोठा.

शुभदा : आणि किती वर्षांसाठी, आणि हप्ता नसेल तर पैसे उरतील का. तिन्हीची उत्तरं तुझ्याकडेच आहेत, बँकेकडे नाहीत.

नंदा : पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला माहीत आहेत. दहा वर्षांहून जास्त राहणार. आणि या फ्लॅटच्या मालकाला मी 80 लाख देणार नाही, 72 पर्यंत आला तर बघू. तिसऱ्याचं उत्तर माहीत नाही.

शुभदा : त्यावर एक उपाय आहे. घर घेतलंच आहे असं समजून पुढचे सहा महिने पगाराच्या दिवशी 39 हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. हात लावायचा नाही. सहा महिन्यांत तो आकडा पेलला नाही तर कर्ज तुमच्या ताकदीबाहेरचं आहे, हे हप्ता चुकण्याआधीच कळेल. सहज पेलला आणि पैसे तसेच राहिले तर तुम्ही दोघं त्या कागदावरच्या भाडेकरूइतकीच शिस्तीची माणसं आहात. मग घर घे किंवा भाड्यानं राहा, तुमचं फार नुकसान होणार नाही.

नंदा : आणि पेलला, पण दर महिन्याला काही ना काही कारणानं त्यातून पैसे काढावे लागले तर?

शुभदा : तर घर घे. जास्त पैसे गेले तरी घे. तुमचा पैसा हप्त्याशिवाय टिकणार नाही.

नंदानं त्याच संध्याकाळी फ्लॅटच्या मालकाला सहा महिने थांबण्याविषयी विचारलं. त्यानं साफ नकार दिला. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. एक तारखेला तिनं तरीही 39 हजार बाजूला काढले.